काखेतला भाला: टोकावर नेमके काय एकवटते?

प्रश्न: मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. युरोपातल्या जाउस्टिंगचे, म्हणजे दोन कवचधारी घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात त्या खेळाचे, व्हिडिओ वर्गात दाखवले तेव्हा एका मुलाने विचारले, की घोडा आणि स्वार मिळून सहाशे किलोचा सगळा संवेग भाल्याच्या एवढ्याशा टोकावर एकवटत असेल, तर समोरचा माणूस आरपार भोसकला कसा जात नाही? आणि भाला हातात न धरता काखेत दाबून धरल्याने नक्की काय बदलते? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर:

मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर आहे. इंग्लंडमधल्या एका हौशी जाउस्टिंग गटासाठी बरीच वर्षे भाले बनवतो, आणि अधूनमधून स्वतःही घोड्यावर बसतो. तुमच्या विद्यार्थ्याने अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. सगळा संवेग टोकावर एकवटतो, हे वाक्य मी कितीतरी माहितीफलकांवर वाचले आहे. ते चूक आहे. टोकावर एकवटते ते बल. त्या बलाबरोबर समोरच्याला किती संवेग मिळणार, हे लाकूड किती वेळ टिकते यावर ठरते. भाल्याची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी आकडे मांडू. घोडा 500 किलो, कवचासकट स्वार 120 किलो. मैदानावरची दौड सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी 27 किलोमीटर धरू. समोरचाही तेवढ्याच वेगाने येतो, म्हणून दोघे एकमेकांकडे सेकंदाला 15 मीटर वेगाने सरकतात. एका बाजूचा संवेग 620 गुणिले 7.5, म्हणजे 4650 न्यूटन-सेकंद. आता भाला ढालीवर लागल्यापासून मोडेपर्यंत सरासरी 3000 न्यूटन बल 20 मिलिसेकंद लागले असे समजा. बलाचा आकडा लाकूड आणि जाडी बदलली की बदलतो, पण हिशोबाला पुरेसा आहे. बल गुणिले वेळ काढले की आवेग येतो 60 न्यूटन-सेकंद. उपलब्ध संवेगाच्या हा जेमतेम 1.3 टक्के. समोरच्या 120 किलोच्या स्वाराच्या वेगात यामुळे फरक पडतो सेकंदाला अर्ध्या मीटरचा. तो मागे रेटला जातो, दात वाजतात, खांदा दोन दिवस दुखतो. पण उंच पाठीच्या खोगिरात तो बसलेला राहतो.

उरलेले 98 टक्के कुठे गेले? कुठेच नाही. घोडा पुढे धावतच राहिला. भाला मोडला की दोघांमधला दुवा तुटला, आणि दोन्ही घोडे आपापला संवेग घेऊन एकमेकांच्या बाजूने निघून गेले. भाला घरातल्या फ्यूजच्या तारेसारखा काम करतो: बल एका मर्यादेपलीकडे चढले की स्वतः जळतो आणि पुढचे वाचवतो.

हाच भाला मोडलाच नाही, तर? तेच 3000 न्यूटन बल 20 ऐवजी 100 मिलिसेकंद लागले तर आवेग 300 होतो, आणि समोरच्या स्वाराचा वेग सेकंदाला अडीच मीटरने बदलतो. ताशी नऊ किलोमीटर वेगाने मागे फेकला गेलेला माणूस खोगिरावर राहत नाही. जर्मन भाषक मुलखात पंधराव्या शतकात काही प्रकारचे सामने मुद्दाम मागची पाठ नसलेल्या खोगिरावर खेळत, कारण तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे हाच खेळ होता. इंग्लंड-फ्रान्सकडे मात्र भाले किती मोडले यावर गुण मोजायची रीत रुळली. अर्ल ऑफ वूस्टर जॉन टिपटॉफ्ट याने 1466 साली लिहिलेल्या नियमांत तर भाला टोकापासून फूटभराच्या आत मोडला तर तो मोडला असे धरायचेच नाही असे कलम आहे. टोकाशी तुकडा उडणे म्हणजे फटका ओझरता बसला. भाला मधोमध मोडला तर त्यातून पुरेसे बल गेले, हे पंचाला लांबूनही कळते.

आता काखेचा प्रश्न. वर मी 20 मिलिसेकंद म्हटले. सेकंदाला 15 मीटर वेगाने त्या वेळात दोघांमधले अंतर 30 सेंटिमीटरने कमी होते. हे तीस सेंटिमीटर लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ तेवढ्यातच आहे. अंतर कमी झाले म्हणजे काहीतरी आखडले, वाकले किंवा घसरले असलेच पाहिजे. लाकूड वाकून ते अंतर खाल्ले तर बल चढत जाते. भाला मुठीतून मागे घसरून ते अंतर खाल्ले तर बल चढतच नाही; मुठीचे घर्षण जेवढे, तेवढेच टोकाला मिळते. हात लांब करून किंवा खांद्यावरून भाला मारणाऱ्याचे असेच होते. कोपर दुमडते, मनगट वळते, मूठ सुटते. घोडा कितीही जोरात धावत असला तरी त्याच्या वजनाचा टोकाशी फारसा संबंध उरत नाही.

बायोच्या प्रसिद्ध भरतकामात, म्हणजे 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईच्या त्या लांबलचक पट्टीवर, भाला धरायच्या सगळ्या पद्धती एकाच चित्रात दिसतात. कुणी डोक्यावरून उगारलाय, कुणी फेकतोय, आणि काहींनी काखेत दाबलाय. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत पश्चिम युरोपात काखेतली पद्धत वरचढ ठरली. बायझंटाईन सम्राटाची मुलगी ॲना कोम्नीनी हिने बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे, की घोड्यावरचा फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातला स्वार, बॅबिलोनच्या तटालाही भोक पाडील. अतिशयोक्ती आहे, पण समोर उभे राहून पाहणाऱ्यांना काय वाटत होते ते कळते.

काखेत भाला धरला की शेपटाकडचा भाग दंड आणि बरगड्यांच्या मध्ये चिमटला जातो. बल हातातून न जाता खांद्यातून धडात, धडातून कमरेमागच्या खोगिराच्या उंच पाठीत, तिथून पट्ट्यांवाटे घोड्याच्या छातीत जाते. या साखळीतली सर्वात ढिली कडी कुठे, ते शोधत राहणे हाच भाला बनवणाऱ्याचा उद्योग. रिकिबीमुळेच हे शक्य झाले, असा सिद्धांत विसाव्या शतकात फार गाजला. माझ्या अनुभवात मागून आधार देते ती खोगिराची पाठ. रिकीब बाजूला कलंडण्यापासून वाचवते. दोन्ही हवीत, पण एकच निवडायची वेळ आली तर मी पाठ निवडेन.

काखेची पकडही पूर्ण घट्ट नसते. गुळगुळीत कवचाच्या दंडातून भाला दहा-पंधरा सेंटिमीटर सहज मागे सरकतो, आणि तीसपैकी पंधरा तिथेच गेले तर फटका अर्धा झाला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात छातीचे पत्र्याचे कवच आले, तेव्हा कारागिरांनी यावर इलाज काढला. कवचाच्या उजव्या बाजूला एक भक्कम लोखंडी आकडा बसवला, त्याला इंग्रजीत लान्स रेस्ट म्हणतात. भाल्यावर मुठीच्या मागे एक दातेरी कडे ठोकले, ते ग्रॅपर. फटका बसताच भाला मागे सरकू लागतो, कडे आकड्यावर जाऊन अडते, आणि बल थेट छातीच्या पत्र्यात उतरते. काखेला, मनगटाला वाट पाहावीच लागत नाही. पुष्कळ लोकांना आकडा भाल्याचे वजन पेलण्यासाठी आहे असे वाटते. वजन तो पेलतोच, पण मुख्य काम अडवण्याचे.

भाला घसरतोय की नाही हे दौडीनंतर दोन मिनिटांत समजते. कड्याचे दात आकड्यातल्या लाकडी किंवा चामडी गादीत रुतल्याची खूण असली तर ठीक. खूण नाही आणि स्वाराच्या दंडाच्या आतल्या बाजूला सालटे निघालेत, तर कडे चुकीच्या जागी ठोकले आहे. ते आकड्यापासून दोन बोटांपेक्षा जास्त पुढे नको, नाहीतर तेवढे अंतर फुकट जाते आणि वर कडे आकड्यावर आदळते तो धक्का वेगळाच.

वजनाचाही हिशोब सांगतो, कारण नवशिक्यांची दमछाक तिथेच होते. साडेतीन मीटरचा, पाच किलोचा भाला घ्या. त्याचा गुरुत्वमध्य मुठीच्या 90 सेंटिमीटर पुढे आहे आणि शेपूट मुठीच्या 40 सेंटिमीटर मागे काखेत आहे. तरफेचा साधा नियम लावला तर काखेने शेपटाला सव्वाअकरा किलोने खाली दाबून ठेवावे लागते, आणि मुठीवर सव्वासोळा किलोचा भार येतो. तेही धावत्या घोड्यावर, जिथे टोक वितभर वरखाली होत असते. म्हणून भाला उभा धरून निघायचे आणि शेवटच्या काही ढांगांत तो खाली आणायचा. लवकर आणला तर हात थकून टोक खाली झुकते, उशिरा आणला तर नेम धरायला वेळच उरत नाही. जर्मन सामन्यांच्या जड कवचांना आकड्याच्या मागे एक लांब दांडी असे, तिच्या टोकाला खाली वळलेला हूक. भाल्याचे शेपूट त्या हुकाखाली अडकवले की ते सव्वाअकरा किलो कवचच दाबून धरते, आणि हाताला फक्त नेम धरायचे काम उरते.

पोर्तुगालचा राजा दुआर्ते याने 1430 च्या दशकात घोडेस्वारीवर जे लिहिले, त्यात नेम का चुकतो याची चर्चा आहे. पुष्कळ जण ठोशाच्या क्षणी डोळे मिटून घेतात आणि आपण मिटले हे त्यांना कळतही नाही, असे तो म्हणतो. सहाशे वर्षांत यात काही सुधारणा झालेली मला तरी दिसली नाही.

आता टोक. इथे तुमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, फक्त संवेगाच्या जागी दाब हा शब्द हवा. फटक्यातले सर्वोच्च बल 5000 न्यूटन, म्हणजे साधारण 510 किलो वजनाइतके धरा. युद्धाच्या अणकुचीदार फाळाचा संपर्क सुरुवातीला दहा चौरस मिलिमीटरचा असला, तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 5100 किलो. साधे मऊ लोखंड याच्या निम्म्यालाच कायमचे दबते. सामन्यासाठी मात्र टोकाला मुकुटासारखे तीन-चार बोथट दात असलेले कॉरोनेल लावत. तीन दात, प्रत्येकी चौरस सेंटिमीटरभर, तर दाब उतरतो 170 किलोवर. पत्र्याला ओरखडा आणि पोचा, बस. हेच बल पत्रा आपल्या आतल्या गादीवर 300 चौरस सेंटिमीटरभर पसरवतो, तेव्हा छातीवर पडतो दर चौरस सेंटिमीटरला 1.7 किलो. बल तिन्ही ठिकाणी तेच, दाबात फरक तीन हजार पटींचा. फळ्यावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तर मुलांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

कॉरोनेलचे दात बोथट असले तरी निरुपयोगी नाहीत. सामन्यात दोघांमध्ये लाकडी कठडा असतो, दोघे एकमेकांना डाव्या हाताला ठेवून जातात, आणि भाला घोड्याच्या मानेवरून तिरपा डावीकडे रोखलेला असतो. ठोसा सरळ बसतच नाही. गोल गुळगुळीत टोक तिरक्या पत्र्यावरून निसटेल. दात पत्र्यावर क्षणभर पकड घेतात, म्हणून लाकडाला वाकायला वेळ मिळतो. अणकुचीदार फाळाचीही हीच अडचण असते. दाब 5100 किलोचा असला तरी चांगल्या, उताराच्या पत्र्यावर तो बहुधा सरकून जातो. भोक पडायला दाबाबरोबर ऊर्जाही लागते, आणि ती पोचायच्या आत एकतर टोक निसटते किंवा लाकूड मोडते.

लाकूड किती बलाला मोडावे हे बनवणाऱ्याच्या हातात असते. युद्धासाठी ॲश, म्हणजे चिवट, लवचीक लाकूड. सामन्यासाठी पाइन, फर यांसारखे हलके, ठिसूळ. जाडीचा परिणाम भयंकर आहे: लांब दांडा वाकायला लागणारे बल व्यासाच्या चौथ्या घातावर चालते. व्यास पावपट वाढवला तर भाला जवळजवळ अडीचपट ताठर होतो. उन्हाळ्यात रंधा मारताना दोन मिलिमीटर जास्त ठेवले तरी स्वाराला लगेच कळते.

याच चौथ्या घातामुळे पोकळ भाला करणे परवडते. बाहेरून 45 मिलिमीटर जाड दांड्यातून मधला 25 मिलिमीटर गाभा काढला तर वजन 31 टक्के घटते, ताठरपणा मात्र दहा टक्क्यांहूनही कमी घटतो. 1495 च्या फोर्नोव्होच्या लढाईत इटालियन स्वारांकडे असे पोकळ, हलके, सुंदर रंगवलेले भाले होते, असे फ्रेंच मुत्सद्दी फिलिप द कोमीन याने नोंदवले आहे. त्याच्या लिहिण्यातून तो त्यावर फारसा खूश नव्हता हेही कळते. मी दोन अर्ध्या पट्ट्या आतून कोरून सरसाने जोडतो. त्यात धोका एकच, सांध्याच्या रेषेत तो उभा चिरतो आणि लांब, सुईसारख्या चिरफळ्या निघतात.

चिरफळ्यांवरून 1559 चे उदाहरण सांगायलाच हवे, कारण वरचे सगळे भौतिकशास्त्र त्यात एका ठिकाणी दिसते. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री मुलीच्या आणि बहिणीच्या लग्नांच्या उत्सवात पॅरिसच्या सेंट-अँत्वान रस्त्यावर सामने खेळत होता. 30 जूनला त्याच्यासमोर त्याच्याच स्कॉटिश रक्षकदलाचा तरुण कप्तान माँगोमेरी होता. माँगोमेरीचा भाला राजावर मोडला. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे, फ्यूज उडाला. पण मोडलेले थोटूक त्याने वेळेत टाकले नाही. घोडे पुढे येतच होते, आणि फाटलेले टोक राजाच्या शिरस्त्राणाच्या पडद्यावर आदळले.

थोटूक धोकादायक का, ते पाहा. दांडा दाबाखाली वाकायला लागणारे बल लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी झाली की ते चौपट होते. म्हणजे अडीच मीटरचा भाला ज्या बलाला मोडला, त्याच्या उरलेल्या सव्वा मीटरला मोडायला चौपट बल हवे, आणि मुठीकडचा भाग मुळातच जाड असतो. जो फ्यूज बल थांबवणार होता तो आता थांबवत नाही. दुसरे, कॉरोनेल तर तुटून गेलेला. बोथट तीन दातांच्या जागी आता पेन्सिलीएवढ्या, फाळासारख्या तीक्ष्ण चिरफळ्या, ज्या डोळ्यांसमोरच्या फटीतून आत जाऊ शकतात. फट पत्र्याचा दाब-पसरवण्याचा सगळा गुणच निकामी करते. राजाच्या उजव्या डोळ्याच्या वरून चिरफळ्या आत गेल्या. अँब्रोइस पारे आणि ब्रुसेल्सहून बोलावलेला व्हेसेलियस, त्या काळचे हे दोन मोठे वैद्य उशाशी असूनही 10 जुलैला तो गेला. पारेच्या नोंदीप्रमाणे कवटी फुटलेली नव्हती, पण मेंदूला इजा झाली होती ती फटक्याच्या विरुद्ध बाजूला. डोके मागे झटकले गेले आणि मेंदू आतून आपटला. संवेग गेलाच होता, थोडाच, पण चारपाच किलोच्या डोक्याला तो थोडाच पुष्कळ झाला.

आपल्याकडच्या वाचकांना साहजिक वाटेल, की मराठ्यांच्या घोडदळातही भाला होताच. होता, पण ही पद्धत नव्हती. विटेकऱ्याचा विटा मनगटाला दोरीने बांधलेला, फेकून परत ओढायचा. भाला हाताने चालवायचा, वळवायचा, घोडा क्षणात फिरवायचा. त्यासाठी काखेत जखडलेला साडेतीन मीटरचा दांडा म्हणजे अडचणच. उंच पाठीच्या खोगिरात कोंबलेला स्वार सरळ रेषेत एकदाच जोराने धडकू शकतो. त्याला अंग चुकवत लढता येत नाही. दोन्ही भाले, पण दोन वेगळी यंत्रे.

आजच्या भाल्यांबद्दल थोडे. आमच्या गटात मागचा भाग पक्क्या लाकडाचा आणि पुढचे साधारण तीन फूट बाल्साचे असतात, टोकाशी रबराची टोपी. बाल्सा इतके मऊ, की सर्वोच्च बल खूप खाली येते. तरी त्याचीही चिरफळी निघतेच. 2007 साली इंग्लंडमध्ये रॉकिंगहॅम किल्ल्यावर दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणात बाल्साचीच चिरफळी शिरस्त्राणाच्या फटीतून गेली आणि एका स्वाराचा जीव गेला. म्हणून आता डोळ्यांच्या फटींमागे जाळी असावी असा माझा आग्रह असतो. थोडे अंधुक दिसते, कुरकूर होते, पण मी ऐकत नाही. दौडीआधी प्रत्येक दांडा उजेडात फिरवून रेषा टोकापर्यंत सरळ जातात का ते बघतो. रेषा मध्येच कडेला निघून गेली असेल तर तिथूनच तिरकी चीर पडते आणि सर्वात लांब, सर्वात टोकदार तुकडे निघतात. असा दांडा वाजवूनही पाहायची गरज नाही, तो सरळ शेकोटीच्या ढिगात जातो.

वर्गात करायचे असेल तर एकच सोपा प्रयोग सुचवतो. स्पॅगेटीची काडी वजनकाट्यावर उभी धरून वरून दाबा आणि ती वाकायला लागते तेव्हाचा आकडा वाचा. मग तीच काडी निम्मी तोडून पुन्हा दाबा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास चौपट येईल. डोळ्यांवर चष्मे लावायला मात्र मुलांना सांगा.